दर साडेदहा सेकंदांनी अडखळणारा रोबो: प्रायॉरिटी इन्व्हर्जनचं एक प्रकरण

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रयोगशाळेत मी मदतीला असतो, तिथलं हे प्रकरण आहे. तिसऱ्या वर्षाच्या एका गटाने दोन चाकांवर तोल सांभाळणारा छोटा रोबो केला होता. तो उभा राहायचा, हलका धक्का दिला तर सावरायचा, पण मधूनच कुणी हात लावलेला नसताना जोरात हिसका द्यायचा. लगेच अर्ध्या सेकंदाने दुसरा हिसका, आणि मग दहा-अकरा सेकंद सगळं शांत. "सर, पीआयडीचे गेन पुन्हा लावून बघतो," असं म्हणत गटाने बराच वेळ त्यातच घालवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार होता. गेन चुकले असते तर रोबो सतत थरथरला असता किंवा हळूहळू कलला असता. ठरावीक लयीत, जोडीने येणारे हिसके गेनमुळे येत नाहीत. ते वेळापत्रकातून येतात.

आधी मांडणी पाहू. बोर्ड न्यूक्लिओ-एफ४०१आरई, म्हणजे ८४ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४. त्यावर फ्रीआरटीओएस आणि तीन टास्क. फ्रीआरटीओएसमध्ये आकडा मोठा तितकी प्रायॉरिटी वरची, हे लक्षात असू द्या. काही इतर सिस्टिम्समध्ये ते उलटं असतं.

तोल टास्कची प्रायॉरिटी ३. तो दर १० मिलिसेकंदांनी उठतो, आयटूसी बसवरून एमपीयू-६०५० सेन्सर वाचतो, पीआयडी काढतो आणि मोटरचा पीडब्ल्यूएम बदलतो. या सगळ्याला जेमतेम अर्धा मिलिसेकंद लागतो. स्पेक्ट्रम टास्कची प्रायॉरिटी २. मोटरच्या करंटचे नमुने एडीसी आणि डीएमए दर सेकंदाला ४,००० या वेगाने गोळा करतात. १,०२४ नमुने भरले, म्हणजे दर २५६ मिलिसेकंदांनी, हा टास्क उठून एफएफटी करतो. गटाने सगळी आकडेमोड `double` मध्ये लिहिली होती आणि या प्रोसेसरचं फ्लोटिंग पॉइंट युनिट फक्त `float` जाणतं. त्यामुळे `double` चं सगळं गणित सॉफ्टवेअरमधून व्हायचं आणि एका एफएफटीला सुमारे ४० मिलिसेकंद जायचे. तिसरा डिस्प्ले टास्क, प्रायॉरिटी १. दर ५०० मिलिसेकंदांनी तो एसएसडी१३०६ ओएलईडी पडद्यावर चित्र पाठवतो, तेही त्याच आयटूसी बसवरून.

बस एक आणि वापरणारे दोन, म्हणून लॉक हवंच. ते नसेल आणि डिस्प्लेचं लिखाण अर्धवट असताना तोल टास्क मध्ये घुसला, तर एसटीच्या एचएएल लायब्ररीकडून त्याला `HAL_BUSY` मिळतं आणि सेन्सरचं वाचन हुकतं. गटाने लॉक लावलं होतं आणि समजून लावलं होतं. पडदा आठ पानांत विभागलेला असतो, प्रत्येक पान १२८ बाइटचं. लॉक पूर्ण चित्रासाठी न धरता दर पानाला घ्यायचं आणि सोडायचं, असं त्यांनी केलं होतं. पत्ता, कंट्रोल बाइट आणि पानाचा क्रमांक सांगणाऱ्या कमांड धरून एका पानाला साधारण १,२०० बिट लागतात. ४०० किलोहर्ट्झच्या बसवर ते ३ मिलिसेकंदांचं काम. म्हणजे तोल टास्क फार तर ३ मिलिसेकंद थांबेल, पुढे स्वतःचं अर्ध्या मिलिसेकंदाचं काम करेल आणि १० मिलिसेकंदांच्या मुदतीत आरामात बसेल. कागदावर हा हिशेब चोख होता. तिन्ही टास्कचा भार मिळून प्रोसेसरचा सुमारे चौथा हिस्सा होत होता, बाकी वेळ तो रिकामाच. "वेळ पुरत नाहीये" असा संशयसुद्धा कुणाला येऊ नये, अशी ही स्थिती.

पेच लॉकच्या जातीत होता.

```c
i2cLock = xSemaphoreCreateBinary();
xSemaphoreGive(i2cLock);   /* first give: lock is free */
```

बायनरी सेमाफोर लॉकसारखा वापरता येतो आणि एरवी तो कामही चोख करतो. पण तो नुसता एक झेंडा आहे. घेतलेला आहे की मोकळा, एवढंच कर्नलला कळतं. कोणी घेतला आहे याची नोंद कुठेच नसते. मूळ उपयोगच तसा आहे: एकाने द्यायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा, उदाहरणार्थ इंटरप्टने टास्कला उठवण्यासाठी.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजावं, म्हणून तोल टास्कमध्ये दोन-तीन ओळी घातल्या. प्रोसेसरमधला सायकल काउंटर चालू करून लॉकसाठी किती थांबावं लागलं याचा उच्चांक धरला.

```c
uint32_t t0 = DWT->CYCCNT;
xSemaphoreTake(i2cLock, portMAX_DELAY);
uint32_t w = DWT->CYCCNT - t0;
if (w > maxWait) maxWait = w;
```

८४ मेगाहर्ट्झला एक मिलिसेकंद म्हणजे ८४,००० सायकल. हिशेबाप्रमाणे उच्चांक अडीच लाखांच्या आसपास थांबायला हवा होता. पहिल्या हिसक्याबरोबर तो तीस लाखांच्या पुढे गेला. म्हणजे तीनऐवजी जवळजवळ चाळीस मिलिसेकंद. चाळीस हा आकडा या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी आहे, एफएफटीमध्ये, आणि एफएफटीचा तर आयटूसीशी काडीचाही संबंध नाही.

मग लॉजिक अ‍ॅनलायझर जोडला. तोल टास्क लॉकची वाट बघत असताना एक पिन वर, स्पेक्ट्रम टास्क गणित करत असताना दुसरी पिन वर, आणि तिसऱ्या चॅनलवर आयटूसीची क्लॉक लाइन, म्हणजे एससीएल. एरवी एससीएलवर दाट कंगव्यासारखे दाते दिसतात. हिसक्याच्या क्षणी पानाच्या मधोमध हे दाते अचानक थांबले आणि रेघ तब्बल ४० मिलिसेकंद खाली सपाट राहिली. डिस्प्ले टास्क पोलिंगने बाइट पाठवतो. पुढचा बाइट रजिस्टरमध्ये टाकायला तोच नसेल, तर आयटूसीचं हार्डवेअर क्लॉक खाली धरून थांबतं. त्या सपाट रेघेच्या बरोबर वर स्पेक्ट्रमची पिन उंच होती आणि तोल टास्कची वाट बघणारी पिनही उंच. तीन चॅनल एकाखाली एक पाहिल्यावर फार समजावून सांगावं लागलं नाही.

एक प्रसंग वेळेनुसार लावू. शून्याव्या मिलिसेकंदाला डिस्प्ले टास्कने लॉक घेऊन पान पाठवायला सुरुवात केली. १ ला डीएमएचा बफर भरला, स्पेक्ट्रम टास्क उठला. त्याची प्रायॉरिटी २, डिस्प्लेची १. शेड्यूलरने नियमानुसार डिस्प्लेला बाजूला केलं. लॉक मात्र डिस्प्लेकडेच राहिलं. ४ ला तोल टास्क उठला, त्याने स्पेक्ट्रमला बाजूला सारलं, लॉक मागितलं, ते मिळेना म्हणून झोपला. आता धावायला तयार असलेल्यांत सर्वात वरचा पुन्हा स्पेक्ट्रमच. तो ४१ पर्यंत निवांत गणित करत राहिला. मग डिस्प्लेला प्रोसेसर मिळाला, त्याने उरलेलं २ मिलिसेकंदांचं पान संपवलं आणि ४३ ला लॉक सोडलं. तोल टास्क ३९ मिलिसेकंद ताटकळला.

तोल टास्कने डिस्प्लेसाठी थांबणं हे ठीक आहे, बस एकच आहे. पण तो प्रत्यक्षात थांबला स्पेक्ट्रमसाठी, ज्याची प्रायॉरिटी त्याच्यापेक्षा कमी आणि ज्याला ते लॉक कधी लागतच नाही. हेच प्रायॉरिटी इन्व्हर्जन. आणि चाळीस ही वरची मर्यादासुद्धा नाही. मधल्या प्रायॉरिटीचे आणखी दोन टास्क असते तर त्यांचाही वेळ यात धरला गेला असता. म्हणून याला अमर्याद इन्व्हर्जन म्हणतात: थांबण्याचा काळ लॉक किती वेळ धरलंय यावर अवलंबून राहत नाही, भलत्यांच्या कामावर अवलंबून राहतो.

आता हिसका इतका जोरात का, हे बघण्यासारखं आहे. चाळीस मिलिसेकंद जुना पीडब्ल्यूएम चालू राहिला तर रोबो थोडा कलेल, पण उडी मारणार नाही. उडीचं कारण `vTaskDelayUntil` मध्ये आहे. ठरलेली वेळ उलटून गेली असेल तर हे फंक्शन थांबतच नाही, लगेच परततं. त्यामुळे ४३ ला लॉक मिळाल्यावर तोल टास्क ४, १४, २४, ३४ आणि ४४ या वेळांची पाचही आवर्तनं अडीच मिलिसेकंदांत लागोपाठ उरकून मोकळा झाला. त्यातल्या पहिल्याच आवर्तनात शेवटचं वाचन ४९ मिलिसेकंदांपूर्वीचं होतं, पण कोडमध्ये डेरिव्हेटिव्ह काढताना भागाकार सरसकट १० मिलिसेकंदांनी. म्हणजे डेरिव्हेटिव्ह जवळपास पाचपट. उशीर झाला तो झालाच, वर दुष्काळात तेरावा महिना. रोबोला धक्का प्रत्यक्षात या पाचपट आकड्याने दिला.

लयीचा उलगडाही याच आकड्यांतून होतो. पान पाठवणं चालू असतानाच एफएफटी सुरू झाली तरच हा योग जुळतो. आठ पानं मिळून दर ५०० मिलिसेकंदांत साधारण २४ मिलिसेकंदांची खिडकी. दोन एफएफटी मिळून ५१२ मिलिसेकंद होतात, म्हणजे एक सोडून एक एफएफटी डिस्प्लेच्या तुलनेत दर वेळी १२ मिलिसेकंदांनी पुढे सरकते. २४ च्या खिडकीत १२ च्या पावलाने दोनदा पाय पडतो, म्हणून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन हिसके. मधल्या एफएफटींची दुसरी माळ अर्ध्या फेरीने मागून येते. ५०० आणि २५६ चा लसावि ३२,०००. दर ३२ सेकंदांत अशा तीन जोड्या, म्हणजे दोन जोड्यांत सुमारे १०.७ सेकंद. आकृत्या काढण्याआधी हा गुणाकार केला असता तरी दोषी कोण ते कळलं असतं. एरवी हे दोन काळ असे जुळत नाहीत आणि हिसका दिवसातून एकदा, कुणी बघत नसताना येतो.

मंगळावर नेमकं तसंच झालं होतं. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेलं मार्स पाथफाइंडर यान काही दिवसांनी अधूनमधून स्वतःला रीसेट करू लागलं. व्हीएक्सवर्क्सवर चालणाऱ्या त्या संगणकात हवामानाची माहिती गोळा करणारा खालचा टास्क एक म्यूटेक्स, म्हणजे मालकाची नोंद ठेवणारं लॉक, धरून बसायचा, मधल्या प्रायॉरिटीचे टास्क त्याला बाजूला करायचे आणि बसवरची माहिती वाटणारा महत्त्वाचा टास्क अडकायचा. दुसऱ्या एका टास्कने पाहिलं की वाटपाचं काम वेळेत झालेलं नाही, की तो रीसेट करायचा. तिथे म्यूटेक्स होता, पण त्याचा प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा, म्हणजे वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी लॉकच्या मालकाला तात्पुरती देण्याचा, पर्याय बंद होता. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून पाहिल्यावर तो पर्याय दुरून चालू करण्यात आला. आमच्या रोबोच्या आणि त्या यानाच्या दुरुस्तीत तत्त्वाचा काही फरक नाही.

आमची दुरुस्ती एका ओळीची होती.

```c
i2cLock = xSemaphoreCreateMutex();
```

`FreeRTOSConfig.h` मध्ये `configUSE_MUTEXES` ची किंमत 1 हवी, आणि सुरुवातीचं `xSemaphoreGive` काढून टाकायचं, कारण म्यूटेक्स जन्मतःच मोकळा असतो. घेण्या-सोडण्याच्या बाकी ओळी जशाच्या तशा. बदलतं ते एवढंच, की म्यूटेक्सला मालक असतो. वरच्या टास्कने तो मागितला आणि मिळाला नाही, तर कर्नल मालक कोण ते पाहतं आणि त्याची प्रायॉरिटी मागणाऱ्याच्या पातळीवर नेतं. मालकाने म्यूटेक्स सोडला की तो आपल्या मूळ पातळीला परत.

वरचाच प्रसंग पुन्हा चालवू. १ पर्यंत आणि ४ पर्यंत सगळं तसंच. ४ ला तोल टास्कने म्यूटेक्स मागितला, डिस्प्ले टास्क त्या क्षणी १ वरून ३ वर गेला. आता तो स्पेक्ट्रमच्या वर आहे. त्याने उरलेलं २ मिलिसेकंदांचं पान संपवून ६ ला म्यूटेक्स सोडला आणि पुन्हा १ वर आला. तोल टास्क २ मिलिसेकंद थांबून साडेसहाला मोकळा. स्पेक्ट्रमचं काम ४१ ऐवजी पंचेचाळिसाच्या आसपास संपलं. त्याला पुढचा बफर २५७ ला मिळणार असल्याने त्याचं काहीच बिघडत नाही.

अ‍ॅनलायझरवर गटाला एक गोष्ट खटकली: एससीएलची सपाट रेघ पूर्ण गेली नव्हती, काही वेळा ती सात-आठ मिलिसेकंद दिसतच होती. ते बरोबरच आहे. इनहेरिटन्स लॉक घेतल्या क्षणी लागू होत नाही, वरच्याने मागितल्यावर लागू होतं. कुणी वाट बघत नसेल तर स्पेक्ट्रमने डिस्प्लेला बाजूला सारणं हे रास्तच. रेघ किती लांब याला महत्त्व नाही, तोल टास्कची पिन किती वेळ वर आहे याला आहे, आणि ती आता ३ मिलिसेकंदांच्या वर जात नव्हती.

रोबो शांत उभा राहिला एवढ्यावर मात्र विसंबलो नाही. योग जुळण्याची वाट बघण्यापेक्षा तो मुद्दाम जुळवला: डिस्प्ले टास्कमध्ये चौथ्या पानाच्या लॉकच्या आत `xTaskNotifyGive` करून स्पेक्ट्रम टास्कला तिथल्या तिथे उठवलं. आता दर अर्ध्या सेकंदाला संघर्ष नक्की. आधी बायनरी सेमाफोर ठेवून चालवलं, तेव्हा रोबो उभाच राहीना. मग म्यूटेक्स ठेवून चालवलं, आणि `maxWait` तीनाच्या आसपास अडून बसला. दोष हुकमी घडवता आला आणि हुकमी थांबवता आला, तेव्हाच दुरुस्ती धरली. पीआयडीत दहाने सरसकट भागायचं सोडून मोजलेल्या काळाने भागायचं, हा बदलही त्यांनी केला. तो कधीतरी करायलाच हवा होता.

"मग मुळात डिस्प्लेलाच २ आणि स्पेक्ट्रमला १ का नाही द्यायचं?" असं एका मुलीने विचारलं. या रोबोत ते चाललं असतं. पण उद्या आणखी एक टास्क मध्ये आला की तेच दुखणं परत, आणि दर वेळी लॉकचा विचार करून प्रायॉरिटी ठरवायच्या तर त्या मुदतीनुसार राहत नाहीत. `taskENTER_CRITICAL` ने तीन मिलिसेकंद इंटरप्ट रोखणं मला अजिबात पटत नाही. तेवढ्यात चाकांच्या एन्कोडरचे पल्स हुकतात. `vTaskSuspendAll` ने इंटरप्ट चालू राहतात, पण बसशी संबंध नसलेले टास्कही उगाच थांबतात.

इनहेरिटन्सने काय होत नाही, हेही याच रोबोवर दिसलं. पडद्यावर कधी अर्धं जुनं, अर्धं नवं चित्र दिसतं म्हणून गटाने नंतर आठही पानांना मिळून एकच लॉक केलं. म्यूटेक्स तोच, इनहेरिटन्स चालू, तरी `maxWait` २४ मिलिसेकंदांवर गेला आणि तोल टास्कची १० मिलिसेकंदांची मुदत पुन्हा हुकू लागली. डिस्प्ले टास्क ३ वर चढून जिवापाड धावत होता, पण बसला चित्र पाठवायला लागतात तितके मिलिसेकंद लागतातच. मधल्यांचा वेळ हिशेबातून काढून टाकणं एवढंच इनहेरिटन्सचं काम. लॉकच्या आतलं काम लहान ठेवणं लिहिणाऱ्याच्याच हातात राहतं. गटाने लॉक पुन्हा दर पानाला केलं.

दुसरी मर्यादा फ्रीआरटीओएसची स्वतःची आहे. एका टास्कने दोन म्यूटेक्स धरले असतील, तर वाढलेली प्रायॉरिटी दोन्ही सोडल्यावरच उतरते. डिस्प्ले टास्कने आयटूसीबरोबर यूएआरटीचाही म्यूटेक्स धरून ठेवला असता, तर आयटूसी सोडल्यावरही तो ३ वरच राहून सावकाश लॉग छापत बसला असता आणि स्पेक्ट्रमला विनाकारण थांबावं लागलं असतं. म्हणून लॉकमध्ये लॉक शक्यतो घेऊ नये. उलटसुलट क्रमाने घेतल्यास डेडलॉक होतो, आणि त्यावर इनहेरिटन्सचा काही इलाज नाही.

शेवटी गटाने पडद्याचं लिखाण पोलिंगवरून डीएमएवर नेलं, तेव्हा पहिल्याच प्रयत्नात ट्रान्सफर संपल्याच्या इंटरप्टमधून म्यूटेक्स सोडायचा बेत होता. ते चालत नाही: म्यूटेक्सचा मालक टास्क असतो आणि त्यानेच तो सोडायचा असतो. बसच्या मालकीसाठी म्यूटेक्स आणि "काम झालं" हे कळवण्यासाठी `vTaskNotifyGiveFromISR`, अशी विभागणी केली. डिस्प्ले टास्क म्यूटेक्स धरून नोटिफिकेशनची वाट बघतो, तेवढ्यात प्रोसेसर स्पेक्ट्रमला मिळतो आणि बाइट डीएमए पाठवत राहतो. एससीएलवरची सपाट रेघ आता खरोखर गेली. इनहेरिटन्स मात्र इथेही लागतंच: ट्रान्सफर संपल्यावर म्यूटेक्स सोडायला डिस्प्ले टास्कला काही मायक्रोसेकंद धावावं लागतं, आणि तोल टास्क वाट बघत असताना ते मायक्रोसेकंद त्याला प्रायॉरिटी १ वर एफएफटी संपेपर्यंत मिळाले नसते.